खोली तयार नाही आणि पाहुणा समोर उभा आहे : हॉटेलच्या फ्रंट डेस्कची इंग्रजी मुलाखत

पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या तीन-चार तारांकित हॉटेलात फ्रंट डेस्कच्या जागेसाठी मुलाखत असते, तेव्हा पहिली पाच मिनिटे सगळीकडे साधारण सारखीच जातात. नाव, गाव, शिक्षण, याआधी कुठे काम केले. मग फ्रंट ऑफिस मॅनेजर समोरचा बायोडेटा बाजूला सारतो आणि म्हणतो, “सपोज, आय अ‍ॅम अ गेस्ट.” समजा, मी पाहुणा आहे. खरी मुलाखत इथे सुरू होते, आणि तोंडपाठ उत्तरे घेऊन आलेले बरेच उमेदवार इथेच अडकतात.

ते अडकतात त्याला इंग्रजीच कारण असते असे नाही. डेस्कवर रोज लागणारी वाक्ये मोजकी असतात आणि ती महिन्याभरात जिभेवर बसू शकतात. अडचण कामाची असते. अशा प्रसंगी हॉटेलात नेमके काय करतात हेच ठाऊक नसेल, तर इंग्रजी कितीही चांगले असले तरी बोलायला काही उरत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक उत्तराबरोबर त्यामागचे कामही समजून घ्यावे. उत्तरातले शब्द प्रत्येकाने आपल्या सोयीने बदलावेत, कामाची पद्धत मात्र तशीच ठेवावी.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : “टेल मी अबाउट युअरसेल्फ.” बहुतेक जण “मायसेल्फ अमुक तमुक” अशी सुरुवात करतात आणि पुढे वडील काय करतात, भावंडे किती, छंद कोणते हे सांगत जातात. इंग्रजीत ओळख करून देताना “मायसेल्फ” वापरत नाहीत, “माय नेम इज” किंवा “आय अ‍ॅम” म्हणतात. पण ही चूक मॅनेजर पोटात घालतो. घरची माहिती सांगण्यात मिनिट घालवले आणि कामाचे एकही वाक्य आले नाही, हे मात्र त्याच्या लक्षात राहते. साताऱ्याहून आलेली, पदविका पूर्ण केलेली एखादी मुलगी असे सांगू शकते :

“गुड मॉर्निंग, सर. आय अ‍ॅम फ्रॉम सातारा. आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन हॉटेल मॅनेजमेंट धिस इयर. ड्युरिंग माय ट्रेनिंग, आय वर्क्ड अ‍ॅट द फ्रंट डेस्क फॉर टू मंथ्स. आय हँडल्ड चेक-इन्स, आन्सर्ड फोन कॉल्स अँड मेंटेन्ड द लॉगबुक. आय स्पीक मराठी, हिंदी अँड इंग्लिश.”

सहा छोटी वाक्ये आहेत. मी साताऱ्याची, यंदा हॉटेल मॅनेजमेंटची पदविका पूर्ण केली, प्रशिक्षणात दोन महिने फ्रंट डेस्कवर होते, चेक-इन केले, फोन घेतले, लॉगबुक सांभाळले, तीन भाषा येतात. यातले महत्त्वाचे वाक्य लॉगबुकचे. एका पाळीतल्या माणसांनी पुढच्या पाळीसाठी निरोप लिहून ठेवायची ती वही असते : अमक्या खोलीला पहाटे पाचला उठवायचे आहे, तमक्याचे पार्सल यायचे आहे. ती वही माहीत असलेली मुलगी डेस्कमागे खरोखर उभी राहिलेली आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. हॉटेलचा अनुभव नसला, तरी दवाखान्याच्या स्वागतकक्षात किंवा कापडाच्या दुकानाच्या काउंटरवर काम केलेले असेल तर तेच सांगावे. रोज किती माणसांशी बोलावे लागे, पैशांचा हिशोब कोण ठेवी, असे ठोस सांगितले की ते ऐकले जाते.

आता ती “सपोज, आय अ‍ॅम अ गेस्ट” ची परीक्षा. नवख्या उमेदवाराला हमखास दिला जाणारा प्रसंग असा : सकाळचे नऊ वाजले आहेत. रात्रभर प्रवास करून आलेले श्री. देशमुख समोर उभे आहेत. त्यांचे बुकिंग पक्के आहे, पैसे भरलेले आहेत, पण हॉटेलची चेक-इनची वेळ दुपारी दोनची आहे आणि त्यांनी घेतलेल्या प्रकारची एकही खोली रिकामी नाही. मॅनेजर देशमुख होतो आणि विचारतो, “व्हेअर इज माय रूम?”

या घडीला काय चाललेले असते ते आधी पाहू. आदल्या रात्रीच्या पाहुण्यांना खोली सोडायला बहुतेक हॉटेलांत अकरा किंवा बारापर्यंतची मुभा असते. खोली सुटली की संगणकावर ती ‘व्हेकंट डर्टी’ दिसते, म्हणजे रिकामी पण न झाडलेली. हाउसकीपिंगची माणसे चादरी बदलतात, न्हाणीघर घासतात, टॉवेल-साबण ठेवतात. एका खोलीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग सुपरवायझर खोली पाहतो आणि ती ‘व्हेकंट रेडी’ होते. हा शिक्का पडेपर्यंत डेस्कने ती खोली कोणाला द्यायची नसते. दुपारी दोनची वेळ ठेवण्याचे कारण हेच.

म्हणून डेस्कवरच्या माणसाने पहिल्यांदा संगणक पाहायचा : त्या प्रकारची दुसरी एखादी तयार खोली आहे का? असेल तर हॉटेलच्या नियमाप्रमाणे ती देता येते, कधी लवकर येण्याचे जादा शुल्क घेऊन. नसेल तर हाउसकीपिंगला फोन. आणि हे सगळे करताना पाहुण्याला ताटकळत ठेवायचे नाही. उत्तर असे होते :

“गुड मॉर्निंग, मिस्टर देशमुख. वेलकम. युअर बुकिंग इज कन्फर्म्ड. आय अ‍ॅम सॉरी, युअर रूम इज नॉट रेडी यट. प्लीज हॅव अ सीट. लेट मी चेक विथ हाउसकीपिंग.”

नमस्कार, स्वागत, बुकिंग पक्के आहे, क्षमस्व, खोली अजून तयार नाही, कृपया बसा, मी हाउसकीपिंगला विचारतो. या वाक्यांचा क्रम मुद्दाम असा आहे. रात्रभराच्या प्रवासाने शिणलेल्या माणसाला पहिली धास्ती असते ती बुकिंगची. ते पक्के आहे हे आधी ऐकले की पुढची वाईट बातमी त्याला पचते. “चेक-इन टाइम इज टू ओ’क्लॉक” हे वाक्य सुरुवातीलाच तोंडावर टाकणारे उमेदवार नियम बरोबर सांगतात, पण पाहुण्याला ते हाकलल्यासारखे वाटते. “यू हॅव टू वेट” हे तर टाळावेच. ‘तुम्हाला थांबावे लागेल’ असा त्याचा अर्थ होतो आणि त्यात हुकूम ऐकू येतो.

फोन करून झाल्यावर उत्तराचा दुसरा भाग :

“थँक यू फॉर वेटिंग, सर. युअर रूम शुड बी रेडी बाय इलेव्हन थर्टी. वी कॅन कीप युअर लगेज सेफली, अँड यू कॅन फ्रेशन अप हिअर. अवर रेस्टॉरंट इज ओपन फॉर ब्रेकफास्ट. मे आय हॅव युअर मोबाइल नंबर? आय विल कॉल यू अ‍ॅज सून अ‍ॅज द रूम इज रेडी.”

साडेअकरापर्यंत खोली तयार व्हावी, सामान आम्ही सांभाळतो, इथे हात-तोंड धुता येईल, नाश्त्यासाठी रेस्टॉरंट उघडे आहे, मोबाइल नंबर द्या, खोली झाली की फोन करतो. इथे “शुड बी” म्हटले आहे, “विल बी” नाही. ‘व्हावी’ आणि ‘होईलच’ यांत जेवढा फरक तेवढाच यात आहे. आधीचा पाहुणा बाराला निघाला तर साडेअकराचा शब्द मोडणार, आणि मोडलेला शब्द देशमुखांच्या लक्षात राहणार. “जस्ट फाइव्ह मिनिट्स, सर” हे फ्रंट डेस्कवरचे सर्वांत महाग पडणारे वाक्य. पाच मिनिटांनी पाहुणा पुन्हा उभा राहतो, आणि आता तो चिडलेलाही असतो. नाश्त्याच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी. रेस्टॉरंट उघडे आहे एवढेच सांगायचे. नाश्ता फुकट द्यायचा की नाही हे ड्युटी मॅनेजर ठरवतो, नव्या मुलाने ते आपणहून कबूल करायचे नसते.

मॅनेजर इथे थांबत नाही. तो आवाज चढवतो : “आय हॅव पेड फुल मनी! व्हॉट काइंड ऑफ हॉटेल इज धिस?” उमेदवाराचा आवाज कापतो का, तो वाद घालतो का, हे त्याला पाहायचे असते. अशा वेळी तीन वाक्ये पुरतात :

“आय अंडरस्टँड, सर. यू हॅव ट्रॅव्हल्ड ऑल नाइट. आय विल आस्क हाउसकीपिंग टू क्लीन युअर रूम फर्स्ट.”

समजते, तुम्ही रात्रभर प्रवास करून आलात, तुमची खोली आधी घ्यायला सांगतो. पाहुण्याचा त्रास त्याच्याच शब्दांत परत बोलून दाखवला आणि लगेच एक कृती सांगितली. ती कृती खरीही आहे. हाउसकीपिंगला खोल्यांचा क्रम बदलायला डेस्क रोजच सांगते. याऐवजी “काम डाउन, सर” म्हणणारा उमेदवार तिथेच गुण गमावतो. चिडलेल्या माणसाला शांत व्हायला सांगितले की तो आणखी चिडतो, हे घराघरातही दिसते.

खोलीची बाब निस्तरता येते. पुढच्या प्रश्नात मात्र चुकले तर निस्तरायला काही उरत नाही. मॅनेजर म्हणतो, “माय फ्रेंड मिस्टर पाटील इज स्टेइंग हिअर. व्हॉट इज हिज रूम नंबर?” माझा मित्र पाटील इथे उतरला आहे, त्याची खोली कोणती? मदतीला तत्पर असलेला मुलगा संगणकात पाहून नंबर सांगून मोकळा होतो. चांगल्या स्वभावाची मुले इथे जास्त फसतात, म्हणून हे उत्तर पक्के करून जावे :

“आय अ‍ॅम सॉरी, सर. वी डू नॉट शेअर गेस्ट इन्फर्मेशन. मे आय हॅव युअर नेम, प्लीज? इफ मिस्टर पाटील इज स्टेइंग विथ अस, आय विल कॉल हिम अँड लेट हिम नो.”

पाहुण्यांची माहिती आम्ही देत नाही, आपले नाव सांगा, पाटील आमच्याकडे असतील तर मी त्यांना फोन करून कळवतो. यातला “इफ” फार कामाचा आहे. पाटील हॉटेलात आहेत की नाहीत हेसुद्धा त्या वाक्यातून बाहेर जात नाही. समोरचा माणूस खरोखर मित्र असू शकतो, पैशांच्या वसुलीला आलेला असू शकतो, किंवा पाटील ज्याच्यापासून लांब राहू पाहतात तो असू शकतो. डेस्कला हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

याच प्रश्नाचे आणखी एक रूप असते. एक बाई येतात, म्हणतात, मी पाटलांची पत्नी, मला दुसरी किल्ली द्या. त्यांचे नाव त्या खोलीच्या नोंदणीत असेल आणि ओळखपत्र जुळत असेल तरच किल्ली, नाहीतर पाटलांना फोन करून त्यांची परवानगी घ्यायची. पोलीस चौकशीला आले तर ड्युटी मॅनेजर आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे. म्हणूनच चांगल्या हॉटेलांत चेक-इनच्या वेळी खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारत नाहीत. किल्लीच्या पाकिटावर लिहितात, पाहुण्याला बोटाने दाखवतात आणि म्हणतात, “धिस इज युअर रूम नंबर, मॅम.” मुलाखतीत नाटकातले चेक-इन करायला लावले आणि उमेदवाराने नंबर न उच्चारता असा दाखवला, तर मॅनेजर मनातल्या मनात होकार देऊन टाकतो.

ओळखपत्राचा प्रश्न याला जोडूनच येतो. “गिव्ह मी युअर आयडी” याऐवजी “मे आय सी युअर आयडी, प्लीज?” हे तर सांगायलाच नको. पण कोणते ओळखपत्र? आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट हे चालतात. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून हॉटेले ते सहसा घेत नाहीत. आधारचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत काढायची सोय आधार प्राधिकरणाने केलेली आहे. पाहुण्याने तशी प्रत पुढे केली तर बुचकळ्यात पडू नये.

गोव्यात, मुंबईत किंवा अजिंठा-वेरूळमुळे छत्रपती संभाजीनगरला मुलाखत असेल तर परदेशी पाहुण्याबद्दल विचारतातच : “व्हॉट विल यू डू व्हेन अ फॉरेन गेस्ट चेक्स इन?”

“आय विल चेक द पासपोर्ट अँड द व्हिसा, अँड टेक कॉपीज. देन आय विल सबमिट द गेस्ट्स डिटेल्स ऑनलाइन विदिन ट्वेंटी फोर अवर्स.”

पासपोर्ट आणि व्हिसा तपासून प्रती घेईन आणि चोवीस तासांच्या आत पाहुण्याची माहिती ऑनलाइन भरेन. परदेशी नागरिक उतरल्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी विभागाला कळवण्याचे हे कायदेशीर बंधन आहे आणि ते चुकले तर हॉटेल अडचणीत येते. वर्गात हे शिकवतात, पण मुलाखतीत ‘चोवीस तास’ हे दोन शब्द फारच थोड्यांच्या तोंडून येतात. व्हिसाची मुदत पाहायची असते हेही सांगता आले तर उत्तमच.

अनुभवी उमेदवाराला यापेक्षा अवघड प्रश्न मिळतो. रात्रीचे अकरा वाजले आहेत, पाहुण्याच्या हातात पक्के बुकिंग आहे आणि हॉटेल भरलेले आहे. असे होते कसे? काही बुकिंग आयत्या वेळी रद्द होतात, काही पाहुणे न कळवता येतच नाहीत, म्हणून हॉटेले खोल्यांपेक्षा थोडी जास्त बुकिंग घेतात. एखाद्या रात्री सगळेच येतात. कधी बुकिंगच्या संकेतस्थळावर खोल्यांचा आकडा वेळेत बदललेला नसतो. यात पाहुण्याची चूक काहीच नसते, त्यामुळे बोलण्यात सबब येता कामा नये.

रीत अशी : आधी ड्युटी मॅनेजरला कळवायचे. त्याच दर्जाच्या किंवा वरच्या हॉटेलात फोन करून खोली पक्की करायची. तोवर पाहुण्याला बसवून पाणी-चहा द्यायचा. मग सांगायचे :

“आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, सर. वी डू नॉट हॅव अ रूम टुनाइट, अँड धिस इज अवर मिस्टेक. माय ड्युटी मॅनेजर हॅज अरेंज्ड अ रूम फॉर यू अ‍ॅट अ हॉटेल निअरबाय. अवर कार विल टेक यू देअर.”

खोली नाही, चूक आमची आहे, जवळच्या हॉटेलात सोय केली आहे, आमची गाडी सोडेल. गाडीचा खर्च, आणि बऱ्याचदा त्या रात्रीच्या खोलीचाही, पहिले हॉटेल उचलते. “व्हॉट कॅन आय डू, सर, हॉटेल इज फुल” असे म्हणणारा उमेदवार खोटे बोलत नसतो, पण रात्री अकरा वाजता माणसाला रस्त्यावर सोडत असतो. दुसरीकडची खोली पक्की होण्याआधीच तिचे नाव सांगणे हीदेखील चूकच. ती मिळाली नाही तर एका रात्रीत दोनदा माफी मागावी लागते.

इंग्रजीची म्हणून वेगळी तयारी लागते ती फोनसाठी. मुलाखतीत खोटा फोन लावून बुकिंग लिहून घ्यायला सांगतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, त्यामुळे तारखा आणि खोल्यांचे आकडे चुकतात. “वन फाइव्ह, सर?” असे अंक सुटे करून विचारावे आणि शेवटी सगळे परत वाचून दाखवावे : “लेट मी रिपीट युअर बुकिंग.” एखादे वाक्य समजलेच नाही तर मान डोलावू नये. “सॉरी, सर, कुड यू प्लीज रिपीट दॅट?” असे विचारल्याने कोणी नापास होत नाही. आणि समोरचा मराठीत बोलू लागला तर इंग्रजीचा हट्ट न धरता मराठीतच उत्तर द्यावे. महाराष्ट्रातल्या डेस्कवर ते कौशल्यच समजतात.

“व्हॉट इज युअर वीकनेस?” या प्रश्नावर फार डोके शिणवू नये. कामाशी संबंधित एखादी खरी, सुधारता येणारी गोष्ट सांगावी : “माय टायपिंग इज स्लो. आय प्रॅक्टिस एव्हरी डे.” टायपिंग सावकाश आहे, रोज सराव करतो. “आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट” हे उत्तर मॅनेजरने इतक्यांदा ऐकलेले असते की त्याच्या कानापर्यंत ते पोचतही नाही.

शेवटी तो विचारतो, “डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?” इथे “नो, सर” म्हणून उठू नये. “विच सॉफ्टवेअर डू यू यूज अ‍ॅट द फ्रंट डेस्क?” असे विचारता येते. ऑपेरा, आयडीएस अशी नावे कानावर पडतील. रात्रपाळीबद्दलही निःसंकोच विचारावे : “हाऊ मेनी नाइट शिफ्ट्स इन अ मंथ? इज ट्रान्सपोर्ट प्रोव्हायडेड?” दिवसभराचा हिशोब मिटवून तारीख पुढे सरकवण्याचे काम, ज्याला नाइट ऑडिट म्हणतात, ते रात्रीच चालते. त्यामुळे डेस्कला रात्रपाळी चुकत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्यांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि संरक्षणाची व वाहतुकीची सोय लागते. मुलींनी हा प्रश्न विचारला म्हणून नोकरी जात असेल, तर ती जागा घेण्याजोगी नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी एक काम मात्र जरूर करावे. त्या हॉटेलच्या डेस्कला फोन लावावा, चेक-इनची वेळ आणि लवकर आल्यास खोली मिळते का हे इंग्रजीत विचारावे, आणि पलीकडचा माणूस कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने उत्तर देतो ते कान देऊन ऐकावे. दुसऱ्या दिवशी नेमके तेच त्यांना आपल्याकडून ऐकायचे असते.